बफर किती ॲसिड पचवतो? पीएच एक युनिट घसरेपर्यंतचा हिशोब, आधी कागदावर मग ब्युरेटवर

समजा समोर १०० मिली ॲसिटेट बफर आहे, एकूण ०.१ मोलर, पीएच ५.००. यात १ मोलर एचसीएल थोडंथोडं सोडत गेलो तर पीएच ४.०० ला यायला किती मिली लागेल? उत्तर आधीच सांगून टाकतो, साधारण ४.९ मिली. साध्या पाण्याचा पीएच ५ वरून ४ वर आणायला याच ॲसिडचा जेमतेम शंभरावा भाग मिली पुरतो, म्हणजे बफरने पाण्यापेक्षा पाचशेपटीहून जास्त ॲसिड पचवलं. हे ४.९ कुठून आलं, प्रत्यक्ष मोजायला बसलं की ते थोडं इकडेतिकडे का होतं, आणि पुस्तकातलं बफर कॅपॅसिटीचं सूत्र इथे सरळ वापरलं तर का फसतं, हे सगळं याच एका उदाहरणावर बघू. एक नीट कळलं की दुसरा कुठलाही साधा बफर घेऊन तेच करता येतं.

आधी मिलिमोल, मग बाकीचं

बहुतेक जण इथे पहिल्याच पायरीवर मोलॅरिटी घेऊन बसतात आणि मग ॲसिड घातल्यावर व्हॉल्यूम वाढलं, कॉन्सन्ट्रेशन बदललं, आता काय करायचं म्हणून अडकतात. सोपा मार्ग म्हणजे सगळं मिलिमोलमध्ये आणायचं. १०० मिली गुणिले ०.१ मोलर म्हणजे १० मिलिमोल, आणि हे १० मिलिमोल म्हणजे ॲसिटिक ॲसिड आणि ॲसिटेट दोन्ही मिळून. ही बेरीज शेवटपर्यंत १० च राहणार. ॲसिड घातलं की फक्त वाटणी बदलते, ॲसिटेटचा एक मिलिमोल कमी होतो आणि ॲसिटिक ॲसिडचा एक वाढतो.

म्हणजे ॲसिड पचवायचं काम फक्त ॲसिटेट करतं. बफरमधलं ॲसिटिक ॲसिड तिथे कितीही असो, बाहेरून आलेल्या स्ट्राँग ॲसिडपुढे ते काही करू शकत नाही, त्याचं काम बेस आला तर. त्यामुळे खरा प्रश्न एवढाच उरतो: पीएच ५.०० ला ॲसिटेट किती मिलिमोल होतं आणि पीएच ४.०० ला किती उरलं? दोघांतला फरक म्हणजे पचलेलं ॲसिड.

ॲसिटेटचा वाटा काढायचं सूत्र हेंडरसन-हॅसलबाल्कचंच आहे, फक्त गुणोत्तराऐवजी सरळ वाटा मिळेल असं फिरवून घेतलेलं:

```
a = 1 / (1 + 10^(pKa - pH))
```

इथे a म्हणजे एकूण दहापैकी ॲसिटेटचा वाटा, शून्य ते एकच्या मध्ये कुठेतरी. ॲसिटिक ॲसिडचा पीकेए २५ अंशाला ४.७६. स्प्रेडशीटच्या एका खान्यात हे टाकलं की काम झालं:

```
=1/(1+10^(4.76-5))
```

उत्तर येतं ०.६३५, म्हणजे सुरुवातीला ॲसिटेट ६.३५ मिलिमोल आणि ॲसिटिक ॲसिड ३.६५ मिलिमोल. आता त्याच सूत्रात ५ च्या जागी ४ टाका, ०.१४८ येतं, म्हणजे ॲसिटेट उरलं १.४८ मिलिमोल. वजाबाकी ४.८७ मिलिमोल. १ मोलर एचसीएलच्या एका मिलीत एक मिलिमोल असतो म्हणून ४.८७ मिली. झालं, मुख्य हिशोब एवढाच.

एक छोटी भर राहते. पीएच ४ ला द्रावणात मोकळे प्रोटॉनही थोडे जास्त असतात आणि ते सुद्धा आपण घातलेल्या ॲसिडमधूनच आलेले असतात. ते किती? ०.०००१ मोलर गुणिले सुमारे १०५ मिली, म्हणजे ०.०१ मिलिमोल. ४.८७ चे ४.८८ झाले, कुणाला फरक पडत नाही. पण ही भर विसरून चालते ती इथे, सगळीकडे नाही, त्यावर पुढे येतोच.

एचसीएल १ मोलरऐवजी ०.१ मोलर वापरलं तर ४८.८ मिली लागेल आणि बीकरमधलं व्हॉल्यूम जवळपास दीडपट होईल, तरी मिलिमोलचा हिशोब जसाच्या तसा राहतो कारण गुणोत्तरात व्हॉल्यूम दोन्हीकडून कटतं. सल्फ्युरिक ॲसिड वापरत असाल तर मात्र भानावर राहा, त्याचा एक मोल या पीएचला जवळपास पूर्ण दोन प्रोटॉन देतो, म्हणून १ मोलर सल्फ्युरिक फक्त २.४४ मिली लागेल.

पुस्तकातलं बीटा इथे सरळ का वापरू नये

बफर कॅपॅसिटी म्हटलं की पुस्तकात बीटा येतो. व्हॅन स्लाइक यांनी १९२२ मध्ये ही कल्पना मांडली, पीएचच्या अगदी छोट्या बदलाला किती स्ट्राँग बेस किंवा ॲसिड लागतं त्याचा दर. एका पीकेएच्या बफरसाठी तो असा:

```
beta = 2.303 * C * a * (1 - a)
```

आपल्या बफरला C म्हणजे एकूण कॉन्सन्ट्रेशन ०.१ मोलर आणि a = ०.६३५ टाकून बघा, बीटा येतो ०.०५३४ मोलर प्रति पीएच युनिट. १०० मिलीला ५.३४ मिलिमोल. आणि आत्ताच आपण काढलं ४.८७. कुठलं खरं?

दोन्ही खरी आहेत, पण प्रश्न वेगवेगळे आहेत. बीटा म्हणजे पीएच ५.०० या जागी त्या क्षणाचा दर, गाडीच्या स्पीडोमीटरवरच्या आकड्यासारखा, आणि आपल्याला हवं होतं पूर्ण एक युनिटभर चाललेलं अंतर. वाटेत दर बदलत जातो. ५.०० वरून खाली यायला लागलं की आधी तो किंचित वाढतो, ४.७६ ला ०.०५७६ होतो, आणि मग पडायला लागतो, ४.०० ला पोचेपर्यंत ०.०२९ वर येतो म्हणजे अर्ध्यावर. या सगळ्याची सरासरी काढली तर बरोब्बर ०.०४८७ निघते. म्हणून बीटा गुणिले एक हा शॉर्टकट एक युनिटसाठी चालत नाही, पाव युनिटच्या आत असाल तर चालून जातो.

आपल्या उदाहरणात चूक दहा टक्क्यांच्या आसपास आहे त्यामुळे कुणी म्हणेल जाऊ दे. पण बफर नेमका पीकेएवर, म्हणजे ४.७६ ला असेल तर बघा काय होतं. बीटा सांगतो ५.७६ मिलिमोल, आणि वाट्यांची वजाबाकी सांगते: सुरुवातीला ०.५, पीएच ३.७६ ला ०.०९१, म्हणजे फक्त ४.०९ मिलिमोल. चाळीस टक्के जास्त धरलं गेलं. प्रयोगात एवढ्या भरवशावर बसलात तर पीएच एकाऐवजी अडीच युनिटहून जास्त खाली जाईल की नाही ते गुणोत्तराने स्वतः काढून बघा: ४.०९ च्या जागी ५.७६ हवेत म्हटलं तर ॲसिटेट मुळात ५ च मिलिमोल आहे, ते आधीच संपलं, वरचं ०.७६ मिलिमोल सरळ मोकळं फिरणार आणि पीएच २ च्या घरात जाणार.

पीकेएवर बफर करा म्हणतात, पण ॲसिड येणार असेल तर थोडं वर करा

मला या विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच वाटते आणि ती फार कमी ठिकाणी नीट सांगितलेली असते. "बफर कॅपॅसिटी पीकेएला सर्वात जास्त" हे वाक्य बीटाबद्दल खरं आहे. पण आपला पीएच एका युनिटची खिडकी पार करून जाणार आहे, आणि जातोय एकाच दिशेने. मग ती खिडकी पीकेएच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली असली तर सगळ्यात जास्त ॲसिड पचणार, म्हणजे सुरुवात पीकेएच्या अर्धा युनिट वरून आणि शेवट अर्धा युनिट खाली.

त्याच १० मिलिमोल ॲसिटेट बफरसाठी, सुरुवात कुठून केली तर एक युनिट खाली जाईपर्यंत किती ॲसिड बसतं ते बघा:

| सुरुवातीचा पीएच | शेवटचा पीएच | पचलेलं ॲसिड, मिलिमोल |
|---|---|---|
| ६.०० | ५.०० | ३.११ |
| ५.२६ | ४.२६ | ५.२० |
| ५.०० | ४.०० | ४.८८ |
| ४.७६ | ३.७६ | ४.११ |
| ४.०० | ३.०० | १.४० |

५.२६ ला सगळ्यात जास्त, एकूण बफरच्या ५२ टक्के. एका पीकेएच्या कुठल्याही बफरला हाच कमाल आकडा, यापेक्षा जास्त एका युनिटमध्ये मिळतच नाही. म्हणून तोंडी अंदाज लावायचा असेल तर एवढं डोक्यात ठेवलं की पुरतं: पीकेएच्या अर्धा युनिट वर असाल तर एकूण मिलिमोलच्या निम्म्याहून किंचित जास्त, पीकेएवर असाल तर चाळीस टक्के, आणि पीकेएच्या खाली गेलात की भराभर कमी.

शेवटची ओळ जरा थांबून बघा. पीएच ४.०० वर ॲसिटेट होतं १.४८ मिलिमोल, ३.०० ला उरतं ०.१७, फरक १.३१. पण तक्त्यात १.४० लिहिलंय. वरचं ०.०९ म्हणजे तेच मोकळे प्रोटॉन जे मघाशी आपण सोडून दिले होते. पीएच ३ ला मोकळे प्रोटॉन ०.००१ मोलर, १०० मिलीत ०.१ मिलिमोल, आणि आता मुळात पचणारं ॲसिडच कमी आहे म्हणून ही भर साडेसहा टक्क्यांची झाली. बफर जितका पातळ आणि शेवटचा पीएच जितका खाली, तितकी ही भर महत्त्वाची. साधारण पीएच ४ च्या वर थांबत असाल आणि बफर ०.०५ मोलरच्या वर असेल तर सोडून द्या, नाहीतर धरा.

आणि हो, पीएच ५.०० चा बफर बेसच्या बाजूला तेवढाच दणकट असेल असं धरू नका. ५.०० वरून ६.०० ला जायला ३.११ मिलिमोलच बेस पुरतो. "या बफरची कॅपॅसिटी किती" असं नुसतं विचारलं की म्हणूनच आधी विचारायचं, कुठल्या बाजूने?

आता प्रत्यक्ष करून बघू

दोन स्टॉक करा. ०.१ मोलर सोडियम ॲसिटेट: ट्रायहायड्रेट असेल तर १३.६१ ग्रॅम, निर्जल असेल तर ८.२० ग्रॅम, पाण्यात विरघळवून एक लिटर. ०.१ मोलर ॲसिटिक ॲसिड: ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड ५.७ मिली, एक लिटर (फ्यूम हूडमध्ये आणि ग्लोव्ह्ज घालून, याचा वास डोक्यात जातो आणि कातडीही भाजते). मग ६३.५ मिली सोडियम ॲसिटेट आणि ३६.५ मिली ॲसिटिक ॲसिड एकत्र केलं की आपला १०० मिली बफर तयार.

एचसीएल १ मोलर हवं. कॉन्सन्ट्रेटेड एचसीएल साधारण १२ मोलर असतं, ८३ मिली घेऊन हळूहळू पाण्यात सोडायचं आणि एक लिटर करायचं, पाणी ॲसिडवर ओतायचं नाही. पण बाटलीतलं ॲसिड नेमकं १२ मोलर कधीच नसतं, म्हणून तयार झालेलं द्रावण सोडियम कार्बोनेटवर तपासून घ्या. ओव्हनमध्ये वाळवलेलं निर्जल सोडियम कार्बोनेट ०.५३० ग्रॅम पाण्यात विरघळवून मिथाइल ऑरेंज टाकून टायट्रेट केलं तर बरोबर १ मोलर ॲसिड १०.०० मिली लागायला हवं. १०.५ लागलं तर तुमचं ॲसिड ०.९५ मोलर आहे, आणि तसं न तपासता वापरलं असतं तर बफरने पाच टक्के जास्त पचवलं असं खोटंच दिसलं असतं. वाईट म्हणजे ही चूक रीडिंगच्या वळणावरून अजिबात कळत नाही, वळण अगदी छान येतं.

पीएच मीटर ४.०१ आणि ७.०० अशा दोन कॅलिब्रेशन बफरवर लावून घ्या, आपली जवळपास पूर्ण खिडकी त्यांच्या मध्ये येते. ४.०० हे टोक तसं ४.०१ ला चिकटूनच आहे, त्यामुळे शेवटच्या बिंदूवर मीटरवर भरवसा ठेवता येतो. मिलिव्होल्ट मोड असेल तर तो चालू ठेवून आणखी एक तपासणी फुकटात होते, २५ अंशाला एक पीएच युनिट म्हणजे ५९ मिलिव्होल्ट, सुरुवात आणि शेवट यात एवढा फरक दिसला पाहिजे. इलेक्ट्रोड थकलेला असेल तर तो बराच कमी दिसेल.

२५० मिलीचं बीकर, १०० मिली बफर, मॅग्नेटिक स्टरर, इलेक्ट्रोडचं टोक बुडालेलं पण स्टररच्या दांडीपासून लांब. ब्युरेट १० मिलीची घ्या, ५० मिलीची नको, कारण एकूण ५ मिलीच सोडायचंय आणि मोठ्या ब्युरेटवर ०.१ मिलीची चूक म्हणजे दोन टक्के गेले. सुरुवातीला एक एक मिली सोडा, प्रत्येक वेळी रीडिंग थांबेपर्यंत वाट बघा, साडेचार मिलीनंतर ०.१ मिलीवर या. कागदावरच्या हिशोबाप्रमाणे असं दिसायला हवं:

| घातलेलं १ मोलर एचसीएल, मिली | पीएच |
|---|---|
| ० | ५.०० |
| १ | ४.८२ |
| २ | ४.६५ |
| ३ | ४.४६ |
| ४ | ४.२५ |
| ५ | ३.९६ |
| ६ | ३.३७ |

बघा, पहिल्या तीन मिलीत प्रत्येक वेळी पीएच साधारण ०.१८ ने उतरतो, अगदी शांतपणे, चौथ्याला ०.२१, पाचव्याला ०.२९ आणि सहाव्याला एकदम ०.५९. बफर संपत आल्याची खूण हीच. म्हणून ४.०० ला थांबायचा मोह टाळा आणि सहा मिलीपर्यंत जा. उतार वाढताना स्पष्ट दिसला की कळतं की ॲसिटेट खरोखर साडेसहा मिलिमोलच्या आसपास होतं, आणि नंतर काही गडबड निघाली तर हेच शेवटचे बिंदू उपयोगी पडतात.

४.०० अचूक रीडिंगवर येईलच असं नाही. ४.८ मिलीला ४.०२ आणि ४.९ मिलीला ३.९९ असं काही आलं तर मधलं सरळ रेषेने काढायचं: एकूण उतार ०.०३, आपल्याला हवा ०.०२, म्हणजे दोन तृतीयांश, उत्तर ४.८७. ०.१ मिलीच्या अंतरात वळण सरळच धरता येतं, पण ४ आणि ५ मिलीच्या रीडिंगमधून काढलं तर मात्र थोडं चुकेल.

रीडिंग जुळलं नाही तर

पहिला धक्का बहुतेकांना सुरुवातीलाच बसतो. सगळं अचूक मोजून मिसळलं तरी मीटर ५.०० दाखवत नाही, ४.९ च्या आसपास दाखवतो. मीटर बिघडलेला नसतो. ४.७६ हा पीकेए अगदी पातळ द्रावणाचा आहे, आणि आपल्या बफरमध्ये ०.०६ मोलरच्या वर सोडियम ॲसिटेटचे आयन फिरतायत. त्यांच्या गर्दीत ॲसिटेटची परिणामकारकता थोडी घटते आणि मीटरच्या हिशोबात पीकेए साधारण ४.६७ असल्यासारखं वागतं.

आता इथे दोन रस्ते आहेत आणि दोघांचं उत्तर वेगळं येतं, हे लक्षात न घेतल्यामुळे दोन जणांचे आकडे जुळत नाहीत. बफर तसाच ठेवून ४.९१ वरून ३.९१ पर्यंत गेलात तर ४.८७ मिलीच लागेल, कारण वाटणी तीच आहे, फक्त मोजपट्टी सरकली. पण सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकून पीएच ५.०० वर आणलात आणि मग ४.०० पर्यंत गेलात तर सुरुवातीचं ॲसिटेटच थोडं जास्त झालं, सूत्रात ४.७६ च्या जागी ४.६७ टाका, ५.०५ मिलिमोल येतं. प्रत्यक्ष रीडिंग ५.०५ च्या जवळ आलं आणि कागदावर ४.८७ असेल तर चूक शोधत बसू नका, ती चूकच नाही. चांगली गोष्ट अशी की कॉन्सन्ट्रेटेड ॲसिड वापरलं तर हा परिणाम पूर्ण वाटेत जवळपास तसाच राहतो, ॲसिटेट गेलं तरी त्याच्या जागी क्लोराइड येतं आणि आयनांची गर्दी तेवढीच. ०.१ मोलर ॲसिड घातलंत तर मात्र द्रावण पातळ होत जातं आणि पीकेएही वाटेत किंचित सरकतं, म्हणून मी १ मोलरच घेतो.

दुसरी गडबड जास्त वाईट कारण ती लपून बसते. सोडियम ॲसिटेटच्या बाटलीवर ट्रायहायड्रेट लिहिलेलं असतं आणि रेसिपीत ८.२० ग्रॅम, ते निर्जलचं वजन. ८.२० ग्रॅम ट्रायहायड्रेट टाकलं की स्टॉक ०.१ ऐवजी ०.०६ मोलर होतो. त्याचे ६३.५ मिली म्हणजे ॲसिटेट ६.३५ च्या जागी ३.८३ मिलिमोल, आणि पीएच हिशोबाने ४.७८ येतो. इथवर ठीक, आकडा चुकला हे दिसतंय. पण मग कुणीतरी म्हणतं थोडा कमी आलाय, सोडियम हायड्रॉक्साइड टाकून ५.०० करून घेऊ. झालं, आता पीएच अगदी बरोबर, पुरावा नष्ट. एकूण बफर मात्र १० च्या जागी ७.४८ मिलिमोल आहे आणि पीएच ४.०० ला येईल ३.६४ मिलीवर, म्हणजे चतुर्थांश कॅपॅसिटी गायब.

हे ओळखायचं कसं? सगळे आकडे एकाच प्रमाणात आखडतात. पीएच ४.५ ला यायला जेवढं लागायला हवं होतं त्याच्या पाऊणपट लागलं, ४.० ला यायलाही पाऊणपटच, असं दिसलं की एकूण मिलिमोल कमी आहेत समजायचं (किंवा ॲसिड तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त ताकदीचं आहे, म्हणून ते आधी कार्बोनेटवर तपासलेलं हवं). उलट सुरुवातीला आकडे जुळले आणि खाली जाताना हळूहळू फाटत गेले तर संशय पीकेएवर किंवा मीटरच्या कॅलिब्रेशनवर घ्यायचा. पीएच बरोबर असणं आणि बफर पूर्ण ताकदीचा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पीएच फक्त गुणोत्तर सांगतो, माल किती आहे ते सांगत नाही. बफर दुप्पट पातळ केला तरी पीएच जेमतेम हलतो, पण त्याच १०० मिलीची ताकद निम्मी झालेली असते.

हे कुठे लागू पडत नाही

वरचं सगळं एकच पीकेए खिडकीजवळ असलेल्या बफरसाठी आहे. फॉस्फेटला तीन पीकेए असले तरी ते एकमेकांपासून लांब आहेत, म्हणून पीएच ७ च्या आसपास एकच धरून चालतं, फक्त तिथे आयनांचा परिणाम ॲसिटेटपेक्षा बराच मोठा असतो, पुस्तकातला ७.२ प्रत्यक्ष बफरमध्ये ६.८ च्या आसपास येतो, आणि ही सरक धरली नाही तर उत्तर सपशेल चुकतं. सायट्रेटचं वेगळं आहे, त्याचे तीन पीकेए, ३.१, ४.८ आणि ६.४, एकमेकांच्या इतके जवळ आहेत की एका खिडकीत दोन दोन काम करतात, तिथे प्रत्येक टप्प्याचा वाटा मिळून हिशोब करावा लागतो, एका सूत्रावर भागत नाही. ट्रिसमध्ये तापमान सांभाळा, त्याचा पीकेए एका अंशाला सुमारे ०.०२८ ने खाली येतो, म्हणजे फ्रिजमधून काढलेला बफर आणि खोलीतला बफर यांची खिडकी वेगवेगळ्या ठिकाणी असते. ॲसिटेटचा पीकेए तापमानाने फारसा हलत नाही, हे उदाहरण निवडायचं तेही एक कारण.

उलटा प्रश्न

कामात खरं तर उलटाच प्रश्न जास्त येतो. रिॲक्शनमधून १०० मिलीत ८ मिलिमोल ॲसिड सुटणार हे माहीत आहे, पीएच ५.०० वरून ४.०० च्या खाली जाऊ द्यायचा नाही, तर बफर किती मोलरचा हवा? वाट्यांतला फरक ०.४८७, म्हणून ८ भागिले ०.४८७, एकूण १६.४ मिलिमोल, १०० मिलीत म्हणजे ०.१६४ मोलर. मी हे ०.२० ला नेईन, कारण रिॲक्शनचा अंदाज नेहमी थोडा कमीच निघतो. सुरुवातीचा पीएच ५.२६ चालत असेल तर ४.०० पर्यंतचा फरक ०.६१२ होतो आणि ०.१३१ मोलरच पुरतं, पण सोडियम ॲसिटेट त्यात किंचितच कमी लागतो. कॉन्सन्ट्रेशन वाढवलं की आयनही वाढले आणि पीकेए आणखी थोडा खाली सरकला, म्हणून पहिला बॅच केला की त्यातले १०० मिली बाजूला काढून ब्युरेटवर ८ मिलिमोल ॲसिड एकदा घालून बघायचं आणि ४.०० च्या वर राहिला तरच बाकीचा वापरायला घ्यायचा.